टोपल्यावरचं सोवळं

आमच्या काकूला श्रावणभर देवाचा स्वयंपाक सोवळ्यात स्वतः करायचा असे, आणि दरवर्षी निम्मा श्रावण झाला की तिला पळी माझ्या आईच्या हातात द्यावी लागे. त्याचं कारण घरात कुणी मोठ्यानं सांगत नसे. कमरेला जिथं निरी खोचायची तिथं, छातीखाली आणि जांघेत तिला लालभडक चट्टे उठत. बसवेना, उठवेना. आई पळी घेताना म्हणायची, "द्या, जाऊबाई. देवाला माझ्या हातची आमटीही कळू दे की जरा."

ही चेष्टा काकूला चट्ट्यांपेक्षा जास्त झोंबायची.

त्या वर्षी आषाढातच खाज सुरू झाली, तेव्हा काकू मला घेऊन खडेबाजारातल्या लेडी डॉक्टरांकडे गेली. मी कॉलेजात होते, कॉन्व्हेंटात शिकलेली, घरात अबोल म्हणून प्रसिद्ध. डॉक्टरीणबाई कानडी, मराठी अडलं की माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या आणि मी ते मराठीत काकूला सांगायचं. सांगताना मी काकूकडे न बघता टेबलावरच्या कागददाबाकडे बघत होते.

"बुरशी आहे," मी म्हटलं. "ओल राहिली की वाढते. कातडीला कातडी चिकटते तिथं हवा लागत नाही. मलम खाज थांबली तरी सांगितलेले दिवस लावायचं. आणि अंघोळीनंतर सगळीकडे टिपून कोरडं करायचं. पुसायचा पंचा फक्त आपला, धुऊन वाळवलेला."

"पावडर लावते की मी. डबाभर!"

डॉक्टरीणबाईंनी ते बरोबर समजून घेतलं. ओल्या अंगावर पावडरीचा नुसता चिखल होतो, म्हणाल्या. मग काकूच्या पायांकडे बोट केलं. जोडव्यांखाली बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलली होती.

"जोडवी काढायची न्हाईत हां," काकू आधीच म्हणाली.

"काढू नका. फिरवून, वर सरकवून खाली कोरडं करा." हे त्या मराठीतच बोलल्या.

मलमानं चट्टे गेले. काकू रोज संध्याकाळी जुन्या धोतराची चिंधी घेऊन बोटांच्या बेचक्या पुसत बसू लागली. पण श्रावण तोंडावर आला आणि मला खरी अडचण दिसली. सोवळ्याचं सुती लुगडं आदल्या दिवशी धुऊन, कुणी शिवू नये म्हणून आतल्या खोलीत उंच दांडीवर काठीनं टाकलेलं असे. बेळगावच्या त्या पावसात ते सकाळपर्यंत काय वाळणार? काकू तसंच दमट नेसून शेगडीपुढे बसायची. वरून घाम.

"रेशमी मुकटा नेसा की," आई म्हणाली.

"मुकट्यात मी शिजते. डाळीच्या आधी."

तेव्हा ताई, म्हणजे काकूची लेक, बाळंतपणाला आलेली होती. मागच्या पडवीत निखाऱ्यांच्या शेगडीवर बुरडाचं टोपलं पालथं घालून काकू बाळाची लंगोटं वाळवायची. गालाला लावून बघायची. जरा गार लागलं की पुन्हा टोपल्यावर. बाळाच्या मानेच्या वळ्या, मांड्यांचे सांधे मऊ फडक्यानं टिपायची. मी रोज बघत होते. एकदा ताईनं घाईत जरा ओलसर लंगोट बांधलं, तर काकू कडाडली, "लेकराच्या अंगाला ओलं लावतीस? कातडं जाईल की गं त्याचं!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुम्ही कसं नेसता, काकू?"

मला वाटलं, आता माझं कॉन्व्हेंट निघणार. काकूनं हातातलं लंगोट पुन्हा गालाला लावून बघितलं.

"अगं, पण सोवळ्याला शिवायचं कुणी?" ती म्हणाली.

"काठी आहे की," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी खडेबाजारातून नवं, चांगलं ऐसपैस टोपलं आलं. काकूनं त्याला अंघोळ घातली. पहाटे निखारे राखेनं झाकून मंद करायचे, टोपल्यावर लुगडं काठीनं पसरायचं आणि जळू नये म्हणून बसून परतत राहायचं, हे काम माझ्याकडे आलं. काकू न्हाणीतून ओरडे, "झालं का गं? शिवू नको!" आणि मी लांब काठीनं नऊवार लुगडं पोळीसारखं उलटत असे. पुरतं वाळल्यावर काकू अंग टिपून ते नेसायची. स्वयंपाक झाला की घामानं भिजलेलं लगेच सोडायची.

निम्मा श्रावण आला. आईनं पदर खोचला. "मग, जाऊबाई? कधी घेऊ पळी?"

"वाट बघ."

"लुगड्याला धुराचा वास येतोय हो. देवाला ठसका लागेल."

"लागू दे. पुरणाची पोळी खाऊन जाईल."

श्रावणाच्या शेवटच्या दिवशीही पुरण काकूनंच वाटलं. नैवेद्य दाखवून झाल्यावर तिनं आईला हाक मारली आणि काठीनं दांडीवरचं दुसरं लुगडं दाखवलं. ते मी सकाळीच टोपल्यावर परतलं होतं, कुणासाठी ते न विचारता.

"उद्या पहाटे अंघोळ करून हे नेस. माझा श्रावण झाला. उद्याचा नैवेद्य तुझा," काकू म्हणाली. "चांगलं कोरडं आहे. मी मुद्दाम सांगून ठेवलंतं हिला."

आईनं काकूच्या हातातली काठी घेतली आणि न शिवता लुगडं दांडीवर सारखं केलं. मी उद्या पहाटेसाठी निखाऱ्यांवर पुन्हा राख ओढली.