अडतीस पेपरांची रांग

माझ्या दुसऱ्या प्रकरणातल्या जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाखाली माझ्या गाईड मॅडमनी पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता: ‘मग?’

डोकंच फिरलं माझं. सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटी बायकांना शिफ्टभर उभं राहून काय दुखणी जडतात, यावर माझी पीएचडी. आधीच्या संशोधनाचा आढावा म्हणजे हे प्रकरण. दोन महिने घालून अडतीस पेपर वाचले होते आणि प्रत्येकाला इमानदारीत एक परिच्छेद दिला होता. अमुक यांनी अभ्यास केला, त्यांना अमुक आढळले. पुढचा या! नगरच्या आमच्या संशोधन केंद्रातल्या कपाटात सगळे प्रबंध असेच आहेत. नवा विद्यार्थी आला की सीनियर आपली फाईल त्याच्या हातात ठेवतो, ‘साचा हाच, माल तुझा भर’ म्हणतो. मलाही ती मिळाली होती.

दहा दिवसांनी समितीची बैठक होती. तिथे पहिल्या तीन प्रकरणांचा आराखडा अडला असता तर पुढची बैठक सहा महिन्यांनी, आणि तोवर माहिती गोळा करायला परवानगी नाही. ज्या बायकांना मला प्रश्न विचारायचे होते, त्यांचं कंत्राट त्याआधीच संपणार होतं.

"मॅडम, सगळे असंच लिहितात," मी तणतणले.

"अगं, तू कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटतेस ना? त्यात काय लिहितेस? पहिली बाई म्हणाली पाठ दुखते, दुसरी म्हणाली पाय दुखतात, तिसरी म्हणाली…"

"असलं कोण वाचेल?"

"तेच मी दोन दिवस सोसलंय."

बाहेर पारनेरकडचा माझा सहविद्यार्थी दात काढत उभा. "तुझ्या मॅडम लई कडक हायेत. आमच्या सरांनी नुसती पानं मोजली."

पानं मोजली! आणि यालाच आपण संशोधन म्हणायचं?

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तक्ता केला. एका पेपरला एक ओळ. रकाने चार: प्रश्न काय, कोणाला विचारलं, कसं विचारलं, काय सापडलं. मग लेखक विसरून, कोण कोण एकाच गोष्टीबद्दल बोलतंय ते पाहिलं. तीन गट पडले: उभं राहून होणारी दुखणी, लघवीला जाता येत नाही म्हणून पाणीच न पिणं, आणि त्रास असून तक्रार न करणं. परिच्छेदाचं पहिलं वाक्य आता माझं होतं, पेपर त्याच्या पाठीशी पुरावा म्हणून उभे. एकाच वाक्याला कधी पाच-पाच. पत्रकासारखं सरसर वाचता येऊ लागलं. मी खूश.

मॅडमनी संदर्भांची यादी मोजली. "चौतीस. चार कुठे गेले?"

त्या चार पेपरांत लिहिलं होतं की बायकांना फारसा त्रास नाही. मीच त्यांना हाकललं होतं.

"पत्रकात चालत असेल. इथे नाही. ते चौघं असं का म्हणतात, ते शोध."

मला वाटलं, ही बाई मालकांची वकील आहे की काय! रागारागात चारही पुन्हा काढले आणि ‘कसं विचारलं’ हा रकाना वाचला. तिघांनी प्रश्नावली कारखान्यातच, सुपरवायझरच्या हातून वाटली होती. चौथ्यानं घरी जाऊन विचारलं होतं, पण त्या कारखान्यात बायकांना बसायला स्टुलं होती. मग बाकीच्या चौतिसांचा तोच रकाना तपासला. घरी जाऊन विचारलेल्यांत बहुतेक ठिकाणी दुखणी जास्त नोंदलेली. इतके दिवस हे माझ्यासमोर होतं, आणि एकेकाला रांगेत उभं करण्याच्या नादात मला दिसलं नव्हतं.

आता प्रकरणाला म्हणणं मिळालं: त्रास किती नोंदला जातो, हे कोणी आणि कुठे विचारलं त्यावरही ठरत असावं. ‘ठरतं’ लिहिलं होतं. मॅडमनी ‘ठरत असावं’ करायला लावलं. "प्रत्येक अभ्यासातल्या बायकांची कामंही वेगवेगळी होती. तेवढं सिद्ध झालेलं नाही." कुरकुरले, पण केलं. चारही पेपर आत आले.

मग तिसरं प्रकरण उघडलं, माझी स्वतःची पद्धत. तिथे लिहिलं होतं: ‘प्रश्नावली सुपरवायझरमार्फत वितरित करण्यात येईल.’ सीनियरच्या फाईलमधलं वाक्य, जसंच्या तसं. कंत्राटदारांविरुद्ध घसा फोडणारी मी, बायकांची दुखणी त्यांच्याच माणसाच्या हातानं गोळा करणार होते. एवढी लाज मला पत्रकं वाटताना गेटवरून हाकललं गेल्यावरही वाटली नव्हती. ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: ‘बायकांना त्यांच्या खोल्यांवर जाऊन विचारण्यात येईल.’

बैठकीत एक सर म्हणाले, "आढावा तोकडा झालाय. प्रत्येक पेपरला स्वतंत्र परिच्छेद हवा. पद्धत आहे ती."

"सर, त्या पद्धतीनं मी चुकीच्या माणसाच्या हातात प्रश्नावली देणार होते," मी म्हणाले आणि तक्ता पुढे सरकवला. आवाज चढला होता. मॅडमनी टेबलाखालून पाय दाबला.

सरांनी ‘कसं विचारलं’ या रकान्यावरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. सही केली. शेरा मात्र मारलाच: ‘पृष्ठसंख्या वाढवावी.’

पानं वाढवली नाहीत. त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी सुप्याला गेले आणि कारखान्याचं गेट मागे टाकून सरळ बायकांच्या खोल्यांकडे चालू लागले.