चतुराबाईनं उपटलेली रानतूर

दर्यापूर रस्त्यावरच्या कृषी महाविद्यालयात जगाची सफर चतुराबाईच्या परवानगीनं होते. तिथल्या पीक-संग्रहालयात जे पीक जिथं जन्मलं, त्या मुलखाचं नाव वाफ्याला दिलंय. मका-मिरचीचा वाफा मेक्सिको, ज्वारीचा आफ्रिका, हरभऱ्याचा तुर्कस्तान. सोयाबीन निघाल्यापासून चीन उघडा पडलाय. बावीस वर्षं निंदणाला असलेली चतुराबाई सकाळीच हाळी देते, "मेक्सिको भिजला रे! आता पाणी तुर्कस्तानात सोड!" तिचं खुरपं फिरलं की गवताचं पातं उरत नाही, ही तिची ख्याती. तीच ख्याती डिसेंबरात तिच्या मुळावर आली.

सोमवारी तिनं भारताचा वाफा निंदला. तुरीच्या बाजूला कुंपणावर कसली तरी लवदार वेल माजली होती. तिनं ती मुळासकट ओढली नि ढिगावर टाकली. संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्या गजेंद्रनं ढीग न पाहताच पेटवला.

मंगळवारी संग्रहालय सांभाळणाऱ्या रागिणी मॅडमचा निरोप आला : उद्या पहिल्या वर्षाची पोरं येतील, भारताच्या कुंपणावरची रानतूर त्यांना दाखवायची आहे.

चतुराबाईच्या हातातलं खुरपं तिथंच थांबलं.

"गजेंद्रा, ते वेल रानतूर होती काय रे?"

"मावशी, तू तं तिची शेंडी बी ठेवली नाही!" गजेंद्र हसला, पण तिचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं. "मॅडमनं मेळघाटातून आणली होती. तिथला उतार आता रस्त्यात गेला म्हणते. बी होतं तेवढं सगळं पेरलं होतं. शेंगा वाळल्या का नवं बी धरणार होती."

"म्हंजे आता कुठंच नाही?"

"डुक्कर शिरलं म्हणून सांग ना. डुकराले कोण विचारते?"

तो दिवस तिला सरता सरेना. काम जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी एक होती, जिला तिच्याकडे नाव नव्हतं. गवत उपटलं तर पुन्हा येतं. हे पुन्हा येणार नव्हतं. बावीस वर्षांत आपण आणखी काय काय उपटलं असेल, हे ती रात्रभर आठवत राहिली.

बुधवारी चाळीस पोरं बांधावर उभी राहिली. मॅडम कुंपणापाशी आल्या नि थबकल्या. गजेंद्रनं दुरून डुकरासारखं तोंड करून खूण केली.

"मॅडम, डुक..." चतुराबाईनं गजेंद्रकडे पाठ फिरवली. "डुक्कर नाही. म्या उपटली. तण समजून."

मॅडमचा रंग उडाला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली बसल्या.

"एकही शेंग राहिली नाही?"

"ढीग जाळला." चतुराबाईनं तळवे पुढं केले. "पण ओढताना शेंगा हातातच तडतड फुटत होत्या, मॅडम. पदरात टरफलं अडकली. आपली तूर अशी फुटत नाही कधी."

मॅडमनी झटकन वर पाहिलं. "फुटत होत्या?" मग पोरांकडे वळून, "ऐकलं का? रानटी शेंग पिकली की पिळवटते, तडकते, बी उधळते. तसंच तर ती रानात वाढते. आपल्या तुरीची शेंग वाट पाहत बसते. कारण हजारो वर्षांपूर्वी याच देशात कुणीतरी रानातून बी गोळा करत होतं. फुटलेल्या शेंगांचं मातीत गेलं, न फुटलेल्यांचं घरी आलं. घरी आलेलंच पुन्हा पेरलं. पिढ्यानपिढ्या. ही वेल आपल्या तुरीची आई नव्हे, तिची मावशी आहे. थेट पूर्वज बस्तर-ओडिशाकडं सापडतो. आता सगळे खाली बसा. बी मातीतच असेल."

काळ्या मातीत काळपट बी! पोरं ढेकळं फोडत राहिली. अर्धा तास काही नाही. मग एका भेगेत तिला कडेला पांढरा ठिपका असलेला एक दाणा दिसला. उचलायच्या घाईत तो दोनदा निसटला.

दुपारपर्यंत अकरा दाणे मिळाले.

"कवच कठीण आहे," मॅडम म्हणाल्या. "नुसतं भिजवून सगळे एकदम उगवत नाहीत. रानात एकदम उगवून मरायचं नसतं ना." त्यांनी सहा दाण्यांच्या कवचाला पात्यानं हलकेच खाच पाडली नि ओल्या कागदावर ठेवले. पाच डबीत जपून ठेवले.

आठवडाभर चतुराबाई प्रयोगशाळेच्या खिडकीशी रोज डोकावायची. पाचव्या दिवशी कागदावर चार पांढरी मुळं वळवळली होती. तिनं नाक काचेला टेकवलं.

आता वाफ्यात अनोळखी पान दिसलं की ती खुरपं उचलते, नि खाली ठेवते. "मॅडम, हे कोण आहे?" ती विचारते. दिवसातून दहादा. गजेंद्र म्हणतो, "मावशी, अख्ख्या जगात तण माजलं आता." तिला हसू येत नाही. ती तशीच बसून राहते, मॅडम येईपर्यंत.