हप्ता न चुकवल्याची शिक्षा

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बँकेत गेलो, तेव्हा विटांचा भट्टा बंद होऊन दीड महिना झाला होता. मी आधीच सांगून टाकलं होतं, बोलायचं मीच. यजमानांना साहेबांसमोर बसलं की फक्त 'हो जी' सुचायचं.

पोलादाच्या नव्या कारखान्याचं काम जोरात होतं. क्वार्टर्सच्या ओळी उभ्या राहत होत्या आणि विटा कितीही असल्या तरी कमी पडायच्या. आम्ही भंडाऱ्याकडचे. यजमान गवंडीकाम करायला आले आणि चार वर्षांत भट्ट्याचे मालक झाले. विटा पोचवायला जुना ट्रक घेतला, त्यासाठी बँकेचं बारा हजार कर्ज. दरमहा पाचशे मुद्दल, वर नऊ टक्के व्याज. ट्रक बँकेकडे तारण. दोन हप्ते थकले तर बँक ट्रक नेणार, आणि ट्रक गेला की बैलगाडीवर कोणी ठेकेदार विटा घेत नव्हता. म्हणजे भट्टाही गेलाच.

ऑगस्टचा हप्ता भरायला आमच्याकडे पैसे नव्हते.

मॅनेजर नागपूरचे होते. चष्मा कपाळावर, टेबलावर पानाचा डबा. त्यांनी यजमानांकडे बघून विचारलं, "बोला."

"बाई बोलतीन," यजमान म्हणाले.

मी कागद पुढे केला. दहा हप्ते भरले होते, सात हजार बाकी. पुढच्या चौदा महिन्यांत फेडायचे. मी मागितलं ते एवढंच: ऑगस्ट ते डिसेंबर फक्त व्याज, महिन्याला बावन्न रुपयांच्या आसपास. जानेवारी ते जून दरमहा सातशे मुद्दल आणि व्याज, म्हणजे बेचाळीसशे फिटले. पुन्हा जुलै ते डिसेंबर फक्त व्याज. मग जानेवारी ते एप्रिल सातशेचे चार हप्ते, अठ्ठावीसशे. हिशोब पूर्ण. सात महिने जास्त लागतील, एक रुपया कमी नको.

"कारण?"

"पावसात वीट थापली जात नाही, साहेब. कच्ची वीट पुन्हा चिखल होते. दिवाळीनंतर थापाई, डिसेंबरात भाजणी, जानेवारीत विक्री. तुमचा हप्ता बाराही महिने, आमची कमाई सहा महिने."

"हे कर्ज घेताना माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. फॉर्मवर बारा महिन्यांचीच जागा होती."

ते हसले नाहीत. महिन्याची विक्री विचारली. एक लाख विटा, हजाराला पस्तीस, साडेतीन हजार. कोळसा, मजुरी, डिझेल, माती काढून अकराशे. घरखर्च दोनशे. उरतात नऊशे, त्यातूनच पावसाळ्यातलं घर. ठेकेदाराने प्रत्येक बिलातला अडकवून ठेवलेला दहावा हिस्सा यात धरलेला नाही; तो दिवाळीच्या तोंडावर मिळतो. सहा महिन्यांचे एकवीसशे त्याच्याकडे पडले होते.

मॅनेजरांनी आमचा खातेउतारा मागवला. त्यावरून बोट फिरवलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"बाई, तुमचं खातं स्वच्छ आहे. एकही हप्ता उशिरा नाही. मी हेड ऑफिसला काय लिहू? अडचण नसलेल्या माणसाला सवलत द्या?"

यजमानांची मान किंचित ताठ झाली. त्यांना ते कौतुक वाटलं. आमच्याकडे हप्ता चुकणं म्हणजे चौकात धोतर सुटणं. त्यांनी घरात दोन महिने भाजी बंद केली असती, पण बँकेत तारीख चुकवली नसती. आणि नेमकी तीच गोष्ट आता आम्हाला अडवून बसली होती.

"पुढचा हप्ता चुकू द्या," मॅनेजर म्हणाले. "मग या. तेव्हा प्रकरण होईल."

"चुकला तर नोटीस येईल."

"येईल."

"दुसरा चुकला तर ट्रक."

"तो नियम आहे."

मी यजमानांकडे बघितलं. ते टेबलाचा कोपरा बघत होते. मग मीच सांगितलं, की गेल्या डिसेंबरचा आणि जुलैचा हप्ता बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून घेऊन भरला होता. बाराशे रुपये, महिना दोन टक्के.

"हे तुम्ही लिहून दिलंय," मॅनेजरांनी फाइलमधला कागद आमच्याकडे वळवला. "इतर कुठलंही कर्ज नाही. खाली सही यांची आहे."

"सही केली तवा नव्हतं जी," यजमान पहिल्यांदा बोलले.

"नंतर घेतलं तर कळवायचं असतं."

"कळवलं असतं तर तुमी देऊ दिलं असतं का?"

मॅनेजरांनी पान उघडलं आणि चुना लावला. मग त्यांनी विचारलं, "ते एकवीसशे कुठे जाणार?"

"बाराशे व्यापाऱ्याला. नऊशे थापणाऱ्यांना उचल. बिलासपूरकडून नवरा-बायकोच्या जोड्या येतात, दिवाळीआधी हातात पैसे पडले नाहीत तर दुसऱ्याच्या भट्ट्यावर जातात. मग जानेवारीत वीटच नाही."

"ते पैसे बँकेत येतील. ठेकेदाराला तसा अधिकारपत्राचा कागद द्यायचा. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत ठेव म्हणून इथेच राहतील. व्यापाऱ्याचं डिसेंबरपर्यंत मिटवायचं आणि नवं कोणाचं घ्यायचं नाही. तरच मी शिफारस करतो."

"आणि उचल कशातून देऊ?"

"तुमचा ट्रक आत्ता काय करतो?"

"टिनाखाली उभा आहे."

"चार महिने?"

याचं उत्तर यजमानांकडे होतं. भट्टेवाल्याचा ट्रक दुसऱ्याची रेती वाहत नाही, असं ते म्हणायचे. मालक दुसऱ्याच्या गेटवर नंबर लावत नाही. मी घरी दोनदा विषय काढला होता आणि दोनदा ताट सरकवून ते उठले होते. मॅनेजरांसमोर ते एवढंच म्हणाले, "माल नाही जी."

"गिट्टी आहे, रेती आहे. अर्ध्या भिलाईत माल पडलाय," मॅनेजर म्हणाले. "भाड्याचे आकडे या कागदात घाला. मग पाठवतो."

बाहेर आलो. यजमान म्हणाले, "तू कावून सांगितलं त्या बाराशेचं?"

"नाही सांगितलं तर काय केलं असतं तुम्ही? पुन्हा त्याच्याचकडे गेले असते."

"गेलो असतो."

"आणि पुढच्या महिन्यात?"

चिखल चुकवत आम्ही स्टेशनपर्यंत चालत आलो.

मी नवा कागद केला; या वेळी यजमान ताट सरकवून उठले नाहीत. गिट्टीच्या एका ठेकेदाराशी बोलून घेतलं: सप्टेंबर ते डिसेंबर ट्रक त्याच्या गिट्टीवर, डिझेल आणि दुरुस्ती जाऊन महिन्याला साडेपाचशे उरावेत, कारण ड्रायव्हर घरचाच. नऊशे त्याने भाड्यातून कापायच्या बोलीवर आगाऊ दिले. त्यातून उचल निघाली. हेड ऑफिसचं पत्र दसऱ्याच्या सुमारास आलं; तोवर मॅनेजरांनी नुसतं व्याज भरून घेतलं. मुदत मंजूर, सगळ्या अटींसह, आणि एक वाढीव: जामीनदार म्हणून माझी सही. माझ्या नावावर काहीच नव्हतं. मॅनेजरांना मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "तुम्ही आहात ना, बाई. करा सही."

मी केली. आता विटांच्या ठेकेदाराकडे अडकलेला पैसा बँकेचा, ट्रक बँकेचा, पावसाळ्यातले दिवस गिट्टीवाल्याचे, आणि व्यापाऱ्याला महिन्याचे पैसे नेऊन देणं माझ्याकडे. भट्टा मात्र आमचा होता. तो बंद होता.

पत्र आलं त्या संध्याकाळी यजमान गिट्टीच्या धुळीने पांढरे होऊन घरी आले. हातपाय न धुता ओट्यावर बसले.

"मंग आता मी मालक का ड्रायव्हर?"

"एप्रिलपर्यंत ड्रायव्हर," मी म्हटलं.

"जानेवारीत भट्ट्याचा धंदा सुरू होते ना?"

"होतो. तेव्हा दोन्ही."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे सहा महिने."

"हा एप्रिल नाही. याच्या पुढचा, शेवटच्या हप्त्याचा."

त्यांनी बोटं मिटली. मग म्हणाले, "पाणी दे," आणि मी दिलं.