दोन स्टुलं

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाची पोरं बाईंना ‘करवत’ म्हणत. आज बाईंनी वर्गात येताच टेबलावर दोन स्टुलं आपटली.

“हे माझ्या सुतार वडिलांनी केलेलं. लाकूड, सांधे सगळं मूळचं, पण एक पाय गेलाय. म्हणजे अस्सल, पण अखंड नाही. हे दुसरं त्याची परवा केलेली नक्कल. अखंड, पण अस्सल नाही. शिरलं डोक्यात?”

“शिरलं,” मागची मुलगी उठली. “मग कॉलेजचे धडधाकट जुने दरवाजे मोडीत काढून तसेच नवे बसवले, त्यांवर ‘वारसा’ ही पाटी कशी?”

“आगाऊपणा नको. खाली बस!”

“त्या नव्या दरवाजांच्या ड्रॉइंगवर सही तुमची आहे, बाई.”

मुलगी उभीच राहिली. बाईंनी नकलेचं स्टूल खाली ओढलं आणि त्यावर मटकन बसल्या.