गोडाऊनमधून गेला, म्हणजे खपला

कॉस्मेटिक्सच्या त्या एजन्सीत तिला सगळे 'अंदाजबाई' म्हणत. कुठल्या मोसमाला कोणतं क्रीम, कोणतं तेल किती मागवायचं, हे ती सांगायची. त्यासाठी दुकानं पालथी घालायची, फळीवरच्या बाटल्यांवर बोट फिरवायची. धूळ लागली की समजायचं, माल दुकानात आलाय, गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला नाही. दुकानदार तिच्या शब्दावर डोळे झाकून माल भरत. तिची कमाई काय ती एवढीच.

मागच्या उन्हाळ्यात मालकांनी सनस्क्रीनवर योजना काढली: दहा खोक्यांवर दोन फुकट. फुकट म्हटल्यावर दुकानदार तुटून पडले आणि दोन उन्हाळ्यांचा माल एकदम उचलून बसले. ते आकडे बघून मालकांना चेव आला. त्यांनी यंदासाठी दीडपट माल मागवला.

"मालक, तो माल अजून फळ्यांवर आहे. लोकांनी लावलाय कुठे?"

"गोडाऊनमधून गेला ना? मग खपला."

घ्या! ऊन तापलं तरी दुकानदार जुनीच खोकी फोडत राहिले. नवी गोडाऊनच्या पत्र्याखाली उकडत पडली. आता थंडी आली, मुदत संपत आली, आणि कंपनी माल परत घेईना. तेव्हा मालकांनी नवी टूम काढली. मॉइश्चरायझर आणि केसांचं तेल हवं असेल, तर सोबत सनस्क्रीन घ्यायलाच हवं.

"हे घ्या म्हणून मी कुठल्याही दुकानदाराला सांगणार नाही," ती म्हणाली. मालक काडीने दात कोरत होते. कोरून निघालेलं त्यांनी नीट न्याहाळलं आणि पुन्हा तोंडात टाकलं.

आठवड्याने एका संध्याकाळी ती धाकट्या बहिणीच्या दुकानात गेली. दर्शनी फळीवर सनस्क्रीनची चळत. मॉइश्चरायझरची फळी रिकामी. उललेल्या हातांची एक बाई रिकाम्या हाताने परत चालली होती.

"हे कुणी गळ्यात मारलं?"

"असं काय करतेस ताई? तूच निरोप धाडलास ना, यंदा थंडीतही खपेल म्हणून? सगळे पैसे यातच अडकले बघ."

म्हणजे ती नाही म्हणाली म्हणून मालकांनी तिचं नाव परस्पर वापरलं होतं. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या समोर बसून तिने ऑफिसचा फोन ओढला आणि एकेका दुकानाला लावला. "ते सनस्क्रीन मी सांगितलेलं नाही. घेऊ नका. आणि यापुढे माझ्या नावाने निरोप आला, तर मानू नका."

"तुला कळतंय का, तू स्वतःचीच पत घालवतेयस?" मालक म्हणाले.

पलीकडून एक म्हातारा दुकानदार विचारत होता, "बाई, मग आता आम्ही विचारायचं कुणाला?"

तिने पुढचा नंबर फिरवला.