वरकमाई नाही

माझी अक्कल माझ्याच अंगाशी आली असती तर मी कुणाला दोष दिला नसता. ती दुसऱ्याच्या अंगाशी आली, म्हणून हे लिहायला बसलो.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात खाजगी कंपनीच्या शेअरची किंमत काढायची म्हटलं की आम्ही सीए मंडळी दोनच गोष्टी करायचो. एक तर मालमत्तेतून देणी वजा करायची, नाहीतर नफ्याला काहीतरी आकड्याने गुणायचं. मी मात्र मुंबईला आठ दिवसांचं शिबिर करून आलो होतो आणि येताना एक नवी पद्धत शिकून आलो होतो. नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी सगळं स्वयंपाकघर हलवावं तसं माझं झालं होतं.

पद्धत तशी सोपी आहे. भागधारकांचे हिशोबाच्या पुस्तकात जेवढे पैसे दिसतात तिथून सुरुवात करायची. पैसा धंद्यात अडकलाय म्हणजे त्याला भाडं लागणारच. नफ्यातून ते भाडं वजा करायचं. उरेल ती खरी जादा कमाई. पुढच्या सगळ्या वर्षांची जादा कमाई आजच्या किमतीत आणून पुस्तकी रकमेत मिळवायची. भाडंच सुटत नसेल तर जादा कमाई उणे होते, आणि किंमत पुस्तकापेक्षाही खाली येते. धंदा नफ्यात असला तरी.

या जादा कमाईला मराठी शब्द हवा होता. मी 'वरकमाई' असा केला आणि स्वतःवर खूश झालो.

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीचं काम त्याच सुमारास माझ्याकडे आलं. दोघा भावांची कंपनी, निम्मी निम्मी. थोरला भाऊ भट्टीजवळच छातीत कळ येऊन गेला. त्याची बायको आणि एक मुलगी मागे राहिल्या. धाकट्याला वहिनीचा निम्मा हिस्सा विकत घ्यायचा होता, वहिनीलाही द्यायचाच होता. किंमत मी काढायची आणि ती दोघांनी मानायची, असं ठरलं.

वहिनी शिरोळकडच्या शेतकरी घरातल्या, राहायला शिवाजी पेठेत. मराठी सातवी शिकलेल्या. पण नवऱ्याच्या शेजारी बसून वीस वर्षं साच्यांचा हिशोब त्याच ठेवत होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "साहेब, मला पंचेचाळीस लाख लागतात. त्यात दोन लेथ, एक मिलिंग अन् शेड बसतंय. पोरगी इंजिनिअरिंगला हाय. तिला घेऊन मी माझं छोटं वर्कशॉप काढणार. दिराच्या दारात उभी ऱ्हाणार न्हाय."

पुस्तकात भागधारकांचे एक कोटी होते. म्हणजे वहिनींचे पन्नास लाख. त्यांनी तेवढं स्वतःच वाचून काढलं होतं, आणि कुणी कमी देईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मी भाड्याचा दर अठरा टक्के धरला. बँकेत ठेवीला बारा मिळायचे, फौंड्रीच्या जोखमीचे वर सहा. एक कोटीचं भाडं वर्षाला अठरा लाख. ताज्या वर्षाचा नफा, कर वजा जाऊन, बारा लाख. म्हणजे वरकमाई उणे सहा लाख. सगळा नफा वाटून टाकतात, भांडवल तेवढंच राहतं आणि पुढेही कायम असंच चालेल असं धरलं, तर सहा लाख भागिले अठरा टक्के, तेहेतीस लाख तेहेतीस हजारांची तूट. कंपनीची किंमत सदुसष्ट लाखांच्या जरा खाली. वहिनींचा निम्मा हिस्सा तेहेतीस लाख तेहेतीस हजार.

गणितात चूक नव्हती. चूक बारा लाखांत होती, आणि ती मला दिसली होती.

थोरला जाण्याआधीची तीन वर्षं नफा अठराच्या आसपास होता. मग एका वर्षात तो बारावर आला, कारण धाकट्याने स्वतःचा पगार दुप्पट करून घेतला होता आणि आपल्या दोन्ही मुलांना पगारपत्रकावर चढवलं होतं. त्यातला एक अजून कॉलेजात होता. मी विचारलं तेव्हा धाकटा मोठ्यांदा हसला. "अवो, दोघांचं काम एकटा करतोय की मी! पोरं बी राबत्यात." मी मान डोलावली. रास्त पगार धरून नफा पुन्हा मांडायला हवा होता. तो अठरा आला असता, वरकमाई शून्य झाली असती आणि किंमत बरोबर पुस्तकाएवढी, म्हणजे वहिनींना पन्नास. पण उद्यमनगरात धाकट्याची ऊठबस मोठी होती आणि मला तिथली आणखी कामं हवी होती. हे आज सरळ लिहितोय. तेव्हा मी स्वतःला 'पुस्तकात आहे तोच नफा' असं सांगितलं.

वहिनींसाठी मी मराठीत एक पानाचा गोषवारा केला. शेवटचं वाक्य असं होतं: 'कंपनीला वरकमाई नाही, सबब किंमत पुस्तकी रकमेपेक्षा कमी.'

माझ्या ऑफिसात त्यांनी ते पान वाचलं. धाकटा शेजारीच बसला होता. रकमेवर त्यांचं बोट थांबलं आणि तोंड उतरलं. "तेहेतीसच? पुस्तकात तर पन्नास हाईत."

मी म्हणालो, "वहिनी, वरकमाई नाही ना. ती असती तर किंमत वाढली असती."

 त्या ताठ बसल्या आणि दिराकडे बघून म्हणाल्या, "व्हय. आमच्या मालकांनी कधी वरकमाई केली न्हाय. खरेदीत कुणाचा पैसा घेतला न्हाय, भंगारात कधी काटा मारला न्हाय. त्याची किंमत कमी हुत असंल तर हुंदे." आणि त्यांनी सही केली.

मला लख्ख कळलं की त्या काय समजल्या. आपल्याकडे वरकमाई म्हणजे टेबलाखालचा पैसा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाच शब्द करताना आठवलं नव्हतं. "तसं नव्हे," एवढं म्हणायला एक क्षण लागला असता. धाकटा माझ्याकडे बघत होता. मी सहीवर टिपकागद दाबला.

वर्कशॉप झालं नाही. तेहेतीस लाखांत शेड आणि एक जुना लेथ एवढंच बसत होतं. वहिनींनी पैसे ठेवीत टाकले आणि पुढे ठेवीचे दर घसरत गेले. मुलगी शिकून पेठ वडगावला एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागली, दुसऱ्यांच्या लेथवरचे भाग मोजायला. धाकट्याची फौंड्री दोन हजार सालानंतरच्या तेजीत तिप्पट झाली. त्याने मला ऑडिटही दिलं. मी घेतलं.

काही वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं तेव्हा वहिनींनी आमंत्रण देऊन घरी चहाला बोलावलं. गेलो. भिंतीवर थोरल्याचा फोटो होता, त्याला हार. फोटोखाली काचेच्या चौकटीत एक पिवळं पडलेलं पान होतं. माझं लेटरहेड मी लांबूनच ओळखलं. शेवटच्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारलेली होती.

वहिनींनी होणाऱ्या जावयाला हाताला धरून माझ्यासमोर आणलं. "ह्येच ते साहेब," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच लिहून दिलंय, तुमच्या सासऱ्यांची वरकमाई न्हवती म्हणून."

जावई वाकून माझ्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला.