किर्रबाईंचा पाठ

बाईंना शाळेत किर्रबाई म्हणत. पोरं पाठीमागे म्हणत आणि शिक्षक तोंडावर. बाई डावखुऱ्या. डाव्या हातानं फळ्यावर लिहायला लागल्या की खडू असा किंचाळायचा की शेजारच्या वर्गातली पोरं कानात बोटं घालायची. सुरुवातीला बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग एकदा वीज गेली, पंखे थांबले, वर्ग चिडीचूप झाला आणि त्या शांततेत खडू किंचाळला. कुणीतरी विचारलं, "बाई, हा ओरडतो का?" त्या प्रश्नातच बाईंना पाठ सापडला.

पाठ ध्वनीचा. सामान काय, तर खडू आणि फळा. आधी वर्ग शांत करायचा. मग खडू फळ्यावरून असा न्यायचा की तो टणाटण उड्या मारेल आणि सरळ रेघेऐवजी ठिपक्यांची रांग उमटेल. खडू अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. एकेक ठिपका म्हणजे एकेक अडकणं. हेच अडकणं-सुटणं इतकं भराभर व्हायला लागलं की डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळतं, आणि त्यालाच आपण किंचाळणं म्हणतो. मग खडू अर्धा मोडायचा, आवाज बदलतो किंवा बंदच होतो ते दाखवायचं. शेवटी एकेका मुलानं लाकडी फळ्याच्या एका टोकाला कान लावायचा आणि बाईंनी दुसऱ्या टोकाला खडूनं अगदी हळू खरवडायचं. हवेतून ऐकू न येणारी खरखर लाकडातून थेट कानात शिरते. पोरांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होत.

वीज तर त्या शाळेत येऊन जाऊन असायची. बाकीचे शिक्षक ती येईपर्यंत हजेरी घेत बसत. बाई शिकवत.

आता रिमोटसर. हेही विज्ञानाचेच. खिशात कायम मोठ्या पडद्याचा रिमोट, म्हणून हे नाव. वीज असली की पडद्यावर रंगीत ग्रह फिरवायचे आणि नसली की हातात रिमोट धरून खिडकीतून बाहेर बघायचे. एकदा गोड बोलून म्हणाले, "बाई, तुमचा तो बिनविजेचा पाठ लिहून द्या की. नुसता बघतो." बाईंनी भोळेपणानं दिला. त्यांनी तो स्वच्छ अक्षरात उतरवला, खाली स्वतःचं नाव घातलं आणि शिक्षकांच्या बिनविजेच्या पाठांच्या स्पर्धेला पाठवून दिला. पहिला नंबर! आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिलेत, पण हा गडी पिठासकट परात घेऊन गेला.

बाई मोठ्या सरांकडे गेल्या. मोठे सर शाळेचे मुख्याध्यापक. चष्मा पुसत म्हणाले, "अहो, नाव शेवटी शाळेचंच होतंय ना? मन मोठं करा."

मन मोठं करा म्हणे! उभ्या हयातीत या बाईनं एकच गोष्ट स्वतःच्या डोक्यानं घडवली होती, तीही लोकांच्या हसण्यातून. आता परीक्षक येणार होते. सरांनी त्यांच्यासमोर पाठ करून दाखवायचा, आणि मग तो सरांच्याच नावानं सगळ्या शाळांत जाणार होता. रात्री अंथरुणावर त्या दात-ओठ खात पडायच्या.

आणि आदल्या दिवशी सर स्वतःच दारात हजर. तोंडचं पाणी पळालेलं.

"बाई, जरा अडचण आहे. खडू उड्याच मारत नाही हो. सरळ रेघ येते."

"करून दाखवा बघू."

सरांनी उजव्या हातात खडू धरला आणि डावीकडून उजवीकडे ओढला. गुळगुळीत, मुकी रेघ. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांच्या डाव्या हातातला खडू उजवीकडे जाताना टोक पुढे ठेवून ढकलला जायचा, म्हणून फळ्यावर अडकून उडायचा. सरांचा खडू हातामागून फरपटत जात होता. ढकलायचा हे बाईंनी पाठात लिहिलंच नव्हतं. लिहायचं असतं हेच त्यांना सुचलं नव्हतं, त्यांचा हात जन्मापासून तसाच चालत आला होता.

एक वाक्य पुरे होतं. बाईंनी ते गिळलं.

"जोर कमी पडतोय सर," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. "लांबलचक नवा खडू घ्या आणि चांगला दाबून ओढा."

सर थँक्यू म्हणून गेले. बाई त्या रात्री गाढ झोपल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मागच्या बाकांवर बसले, शेजारी मोठे सर आणि सगळे शिक्षक. पुढे पोरं. शिपायानं मेन स्विच पाडला आणि पंखे थांबले. सर म्हणाले, "मुलांनो, आता खडू बोलणार!" आणि नवाकोरा खडू दाबून ओढला. कट्! मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. तिसऱ्यानं जाडजूड रेघ उमटवली, आवाज काही काढला नाही. सरांच्या बगला घामानं भिजल्या. पोरं खुसखुसायला लागली. पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "सर, बाईंचा ओरडतो. तुमचा का नाही ओरडत?"

मुख्य परीक्षक शेजारच्या शिक्षकांकडे वळून म्हणाले, "कोण बाई?"

बाई उठल्या. पुढे येताना घाई केली नाही. या चार पावलांचीच तर त्या वाट बघत होत्या. डाव्या हातात खडू घेतला आणि फळाभर ठिपक्यांची रांग ठोकत नेली, टट्टट्टट्टट्ट! मग अशी एक किंकाळी काढली की परीक्षकांनी दोन्ही कान झाकले.

"वा! हे जमतं कसं?" मुख्य परीक्षकांनी विचारलं.

"पाठ सरांचा आहे ना," बाई म्हणाल्या. "त्यांनाच विचारा." खडू सरांच्या हातात ठेवला आणि दाराकडे निघाल्या.

सर हातातल्या खडूकडे बघत राहिले. तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, "बाई, सांगा ना. का उडतो?"

बाई दारात थांबल्या. सूड झाला होता, आता निघून जायला हवं होतं. पण पोरीनं प्रश्न विचारला होता, त्याला पाठ कशी दाखवायची? त्या मागे फिरल्या.

"इकडे ये. उजव्या हातात खडू धर आणि उलटी जा, उजवीकडून डावीकडे. ओढू नकोस, टोक पुढे ठेवून ढकल." पोरीनं ढकलला. ठिपके उमटले आणि पोरगी आनंदानं ओरडली.

"आता फळ्याला कान कोण लावणार?" पन्नास हात वर झाले. बाईंनी एकाकडेही बघितलं नाही. "सर, तुम्ही या."

"मी कशाला, बाई..."

"या ना. तुमचाच पाठ आहे."

परीक्षक बघत होते. सर गेले, वाकले आणि कान फळ्याला लावला. बाई दुसऱ्या टोकाला गेल्या. आधी अगदी हळू खरवडलं.

"ऐकू येतंय?"

"हो."

"मागच्या बाकांना येतंय का?" परीक्षकांनी नकारार्थी माना हलवल्या. "नाही ना? लाकडातून नीट जातं. आता सर, खरं सांगा. हा पाठ कुणाचा?"

सरांनी मोठ्या सरांकडे बघितलं. मोठे सर चष्मा पुसत होते. बाईंनी खडू तिरका केला आणि ढकलला. किंकाळी लाकडातून सरळ सरांच्या कानात घुसली. सर कान धरून उडाले.

"बाईंचा! बाईंचा आहे!"

"मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "ते हवेतून जायचंय, मागच्या बाकापर्यंत."

सरांनी पुन्हा सांगितलं. मुख्य परीक्षकांनी बाईंना पूर्ण नाव विचारलं. बाईंनी ते सांगितलं नाही. फळ्यावर लिहिलं, डाव्या हातानं, आणि प्रत्येक अक्षर किंचाळलं.